घशाच्या तक्रारीचे पत्र

घसा महिनाभर खवखवत असला, तरी डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्या तोंडून एवढेच निघते : “डॉक्टर, घसा बरा नाही.” कधी सुरू झाले, असे त्यांनी विचारले की आपण “झाले बरेच दिवस” असे सांगतो. कोणती औषधे घेतली, या प्रश्नावर “ती पांढरी गोळी” असे उत्तर देतो. डॉक्टर घशात डोकावतात. घसा थोडा लाल दिसतो किंवा तसाही दिसत नाही. रेंगाळलेल्या घशाच्या तक्रारीत तपासणीइतकाच, किंबहुना कधीकधी तिच्याहून अधिक, उपयोग हकिकतीचा होतो. म्हणून ती घरी निवांतपणे कागदावर उतरवावी आणि डॉक्टरांच्या हाती द्यावी.

असे पत्र कसे असावे? समजा, साताऱ्यातील 67 वर्षांच्या एक आजी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना लिहीत आहेत.

*दि. 20 नोव्हेंबर*

*आदरणीय डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार.*

*कोजागरीच्या सुमारास, म्हणजे साधारण 15 ऑक्टोबरपासून, माझ्या घशात सारखे खवखवते. आज पाच आठवडे झाले. दुखत नाही, केस अडकल्यासारखे वाटते आणि मग कोरडा खोकला येतो. कफ पडत नाही. सुरुवातीला ताप किंवा सर्दी नव्हती.*

*त्रास दिवसभर असतो. रात्री दोन-तीन वेळा खोकल्याने जाग येते. फोनवर बोलताना, हसताना आणि फोडणीच्या वाफेने तो वाढतो. जेवणाशी मात्र संबंध दिसत नाही. दिवाळीत चकल्या-चिवडा खाऊनही वाढला नाही. छातीत जळजळ नाही, आंबट पाणी वर येत नाही. भाकरी, भात, पाणी सगळे नीट गिळता येते. आवाज बसलेला नाही. वजन पूर्वीइतकेच, 58 किलो आहे. तंबाखू किंवा मिश्री कधीच लावली नाही.*

*आतापर्यंत केलेले उपाय : मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रोज दोनदा, दहा मिनिटे बरे वाटते. औषधाच्या दुकानातून आणलेले ॲझिथ्रोमायसिन 500, तीन दिवस, फरक नाही. सेटिरिझिन 10, रात्री, पाच दिवस. झोप आली, खोकला तसाच. पॅन्टोप्राझोल 40, सकाळी उपाशीपोटी, चौदा दिवस, फरक नाही. ज्येष्ठमधाची कांडी रोज चघळते, चार आठवडे झाले.*

*नेहमीची औषधे : मधुमेहासाठी मेटफॉर्मिन 500, दोन वेळा, सहा वर्षे. रक्तदाबासाठी पूर्वी ॲम्लोडिपिन 5 होती. मुलाकडे पुण्याला गेले असता तेथील डॉक्टरांनी लघवीतील प्रथिने पाहून 1 ऑक्टोबरपासून तिच्याऐवजी रामिप्रिल 5 दिली. घरच्या यंत्रावर रक्तदाब पूर्वी 136/80 असे, या आठवड्यात 150/86 आहे.*

*आपण सांगाल तेव्हा येईन.*

आता हेच पत्र डॉक्टरांच्या नजरेने वाचून पाहा. आजींनी स्वतःहून कोणत्याही रोगाचे नाव घेतलेले नाही. “मला ॲसिडिटी झाली आहे” असे त्या लिहीत नाहीत. जेवणानंतर काय होते आणि काय होत नाही, ते लिहितात. ही शिस्त महत्त्वाची आहे, कारण ‘ॲसिडिटी’ हा निष्कर्ष झाला आणि डॉक्टरांना हवा असतो तो अनुभव. पोटातील आम्ल घशापर्यंत येत असेल तर बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढतो आणि सकाळी आवाज जड असतो. काहींना छातीत जळजळ न होताही हा त्रास असू शकतो, आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांनी तो थांबला नाही म्हणून ती शक्यता पूर्णपणे मावळत नाही. तरी या पत्रातील वेळा त्या दिशेने बोट दाखवत नाहीत.

पत्रातील सर्वांत मोलाच्या गोष्टी म्हणजे दोन तारखा. 1 ऑक्टोबरला गोळी बदलली आणि 15 ऑक्टोबरच्या सुमारास घसा खवखवू लागला. रामिप्रिल ज्या गटातील आहे, त्या गटाच्या औषधांनी काही रुग्णांना घशात गुदगुल्या होऊन कोरडा खोकला येतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक असते. ही औषधे शरीरातील ज्या घटकाला रोखतात, तोच घटक एरवी ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निचरा करतो. निचरा मंदावला की ते साचते आणि श्वासमार्गातील मज्जातंतू चेतवते. हा खोकला पहिल्याच दिवशी सुरू होऊ शकतो, तसाच काही महिन्यांनीही. म्हणूनच गोळीशी त्याचा संबंध रुग्णाच्या सहसा ध्यानात येत नाही. ती रक्तदाबाची गोळी, घशाच्या पत्रात तिचे काय काम, असे वाटून नेमकी तीच ओळ गाळली जाते.

ज्येष्ठमधाची ओळही अशीच गाळली जाण्याजोगी. घरगुती उपायाला आपण औषध मानत नाही. परंतु ज्येष्ठमध रोज आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटू शकते. आजींचा वाढलेला रक्तदाब गोळीच्या बदलामुळे आहे की कांडीमुळे, हे डॉक्टर ठरवतील. पण कांडीचा उल्लेख नसता तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

हे वाचून कोणीही रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आजींना ती मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी दिलेली आहे. डॉक्टर तिच्या जागी बहुधा टेल्मिसार्टनसारखे दुसऱ्या गटाचे औषध देतात. त्यानेही मूत्रपिंडांना आधार मिळतो आणि असा खोकला क्वचितच होतो. बदलानंतर खोकला साधारणतः एक ते चार आठवड्यांत ओसरतो, काहींना तीन महिनेही लागतात. म्हणून औषध बदलल्याची तारीख लिहून ठेवावी आणि रात्री किती वेळा जाग आली, एवढीच नोंद रोज करावी. आकडा उतरला नाही, तर शोध पुढे चालू ठेवावा लागतो.

काही लक्षणे मात्र पत्राच्या उत्तराची वाट पाहण्याजोगी नसतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा लाळही गिळता येईना, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. या गटाच्या गोळ्यांनी अशी सूज क्वचित येते, पण आली तर ती जिवावर बेतू शकते. घास अडकणे, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, मानेत गाठ, एकाच बाजूचे दुखणे कानापर्यंत जाणे, थुंकीत रक्त, विनाकारण घटणारे वजन यांपैकी काही असेल तर ते पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहावे आणि लवकरात लवकर घसा तपासून घ्यावा. तंबाखू, मिश्री किंवा विडीची सवय असेल तर ती संकोच न बाळगता सांगावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पत्र लिहिण्याआधी घरातील सर्व औषधांची पाकिटे समोर घ्यावीत आणि ठळक अक्षरांतील व्यापारी नावाबरोबर त्याखालचे बारीक अक्षरांतील मूळ नावही उतरवून घ्यावे. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, रामिप्रिल : शेवटी ‘प्रिल’ असलेली ही सारी एकाच घराण्याची. त्यांतील एकीने खोकला झाला तर दुसरीनेही होण्याचा संभव असतो. म्हणून गोळी बदलून आजींचा खोकला थांबला, तर त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर “रामिप्रिलने खोकला” हे दोन शब्द तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी पुण्याचे डॉक्टर ती फाइल उघडतील, तेव्हा त्यांना ते आधी दिसतील.