फॅनचा वेग, ड्रमची उष्णता

साखर कारखान्याच्या बॉयलरमागे, चिमणीच्या पायथ्याशी एक अवाढव्य पंखा अखंड फिरत असतो. कारखान्यात त्याला आयडी फॅन म्हणतात. भट्टीतला धूर ओढून चिमणीत ढकलणे हे त्याचे काम. वाफेची मागणी घटली, गाळप मंदावले की धूर कमी ओढावा लागतो, म्हणजे फॅनचा वेग उतरवावा लागतो. पण फॅन फिरवणारी नेहमीची इंडक्शन मोटर 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर जवळजवळ एकाच वेगाने धावते. वेग बदलण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र, म्हणजे व्हीएफडी, सर्रास परवडू लागण्याआधी या अडचणीवर एक चांगला तोडगा होता : एडी करंट कपलिंग. जुन्या यंत्रसामग्रीत ते आजही भेटते, आणि त्याच्याबद्दलचा मुख्य प्रश्न आजही तोच आहे. हे कपलिंग इतके तापते का, आणि त्या उष्णतेची किंमत किती?

आधी ते चालते कसे ते पाहू. मोटरच्या शाफ्टला लोखंडी ड्रम जोडलेला असतो आणि तो मोटरच्याच वेगाने फिरतो. ड्रमच्या आत, थोडी फट ठेवून, चुंबकीय ध्रुवांचे चक्र बसवलेले असते. हे चक्र फॅनच्या शाफ्टवर असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चक्राच्या कॉइलमध्ये डीसी प्रवाह सोडला की ध्रुव जागे होतात आणि त्यांच्यासमोरून धावणाऱ्या ड्रमच्या लोखंडात भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह उठतात. हेच एडी करंट. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकत्व ध्रुवांना आपल्यामागे ओढते आणि फॅन फिरू लागतो. फ्रान्सचे अरागो यांनी 1820 च्या दशकात फिरत्या तांब्याच्या चकतीमागे चुंबकसुई ओढली जाताना पाहिली होती. त्यामागचे कारण फॅरेडे यांच्या 1831 च्या शोधातून उलगडले. कपलिंग त्याच तत्त्वावर चालते. कॉइलचा प्रवाह वाढवला की ओढ वाढते आणि फॅनला वेग येतो. प्रवाह कमी केला की फॅन मंदावतो.

यात एक अट आहे. चक्राने ड्रमचा वेग गाठला, तर ध्रुवांसमोरून ड्रम सरकणेच थांबेल. मग भोवरे उठणार नाहीत आणि ओढही उरणार नाही. त्यामुळे फॅन मोटरपेक्षा थोडा तरी मागे राहावाच लागतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. पूर्ण वेगालाही काही टक्के स्लिप असतेच, आणि वेग उतरवायचा म्हणजे स्लिप वाढवायची.

उष्णतेचे मूळ इथेच आहे. गिअरबॉक्स वेग कमी करतो तेव्हा पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, वाढवतो. ते त्याला साधते, कारण त्याचा सांगाडा पायाला बोल्टने आवळलेला असतो आणि तो पायावर रेटा देऊ शकतो. एडी करंट कपलिंगमध्ये पिळाला असा बाहेरचा आधार नसतो. ड्रम चक्राला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने चक्र ड्रमला मागे खेचते. म्हणून मोटरने दिलेला टॉर्क आणि फॅनला मिळालेला टॉर्क सारखाच असतो, फक्त वेग वेगळे असतात. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. तेव्हा वेगातल्या फरकाइतकी शक्ती मधेच गळते आणि ड्रमच्या लोखंडात उष्णता होऊन बसते. अर्धवट दाबलेल्या क्लचवर मोटरसायकल चालवली की क्लच तापतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे काही घासत नाही, म्हणून काही झिजतही नाही. मोटरच्या निम्म्या वेगाला कपलिंगची कार्यक्षमता जेमतेम 50 टक्के असते आणि ती कितीही चांगल्या बनावटीने वाढत नाही.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग हे कपलिंग काढूनच टाका. पण इथे फॅनचा स्वभाव मदतीला येतो. फॅनला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि शक्ती घनाप्रमाणे उतरते. एक नमुना हिशेब करू. मोटर 1480 फेऱ्यांवर धावते आहे. फॅनचा कमाल वेग 1430 असून त्या वेगाला त्याला 100 किलोवॅट लागतात. तेव्हा मोटर सुमारे 103.5 किलोवॅट देते आणि उष्णता होते 3.5 किलोवॅट. फॅन 1000 फेऱ्यांवर आणला तर त्याची गरज सुमारे 34 किलोवॅट उरते. मोटरकडून सुमारे 50 किलोवॅट जातात आणि 16 किलोवॅटची उष्णता होते. आणखी उतरवून 715 वर आणला तर फॅनला 12.5 लागतात, मोटर 26 देते आणि उष्णता 13.4 किलोवॅटवर येते. कार्यक्षमता खाली गेली, तरी वाया जाणारी शक्तीही कमी झाली.

याचा अर्थ असा की उष्णतेचा कळस सर्वांत कमी वेगाला नसतो. पूर्ण वेगाला ओढ मोठी पण वेगातला फरक नगण्य असतो. अगदी कमी वेगाला फरक मोठा पण ओढ नगण्य असते. दोन्ही बऱ्यापैकी असतात ते मोटरच्या वेगाच्या दोन तृतीयांशाजवळ, आणि तिथेच ड्रम सर्वांत जास्त तापतो. ऑपरेटरने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. मात्र हा हिशेब धूर किंवा हवा मोकळी वाहते तिथला. फॅनला वाळूच्या थरासारखा कायमचा दाब पेलायचा असेल, तर वेगासोबत टॉर्क इतका उतरत नाही आणि कमी वेगाची उष्णता खूपच वाढते.

ही उष्णता बाहेर काढण्यासाठी हवेने थंड होणाऱ्या कपलिंगच्या ड्रमवर फिन्स असतात. ड्रम मोटरच्या वेगाने फिरत राहत असल्याने फॅन मंदावला तरी वारा मिळत राहतो. पण बगॅसची धूळ आणि राख फिन्समध्ये दाटली की हा वारा अडतो. तापलेल्या लोखंडाचा विद्युत विरोध वाढतो आणि ओढीचे गणित बिघडते. बेअरिंगचे ग्रीस पातळ होऊन गळू लागते. कॉइलला पूर्ण प्रवाह देऊनही फॅन नेहमीचा कमाल वेग गाठत नसेल, तर आधी फिन्स पाहाव्यात, मग ब्रश आणि स्लिप रिंग. दुसरा बिघाड याच्या उलटा असतो. वेग मोजणारा टॅको बंद पडला की कंट्रोलरला वाटते फॅन थांबला आहे. तो कॉइलचा प्रवाह वाढवत जातो आणि फॅन थेट पूर्ण वेगाला जातो.

आता व्हीएफडी बसवावा का? उत्तर फॅन कोणत्या वेगाला किती तास चालतो यावर अवलंबून आहे. आपल्या नमुन्यात पूर्ण वेगाला व्हीएफडीही स्वतःचे दोन-तीन टक्के खातो, म्हणजे दोघे बरोबरीत. 1000 फेऱ्यांना मात्र तो जवळपास 15 किलोवॅट वाचवतो. गाळपाचे 150 दिवस फॅन त्याच वेगाला चालला, तर 54,000 युनिट वाचतात. म्हणून निर्णयाआधी एका हंगामात फॅनच्या वेगाची नोंद तासागणिक ठेवावी आणि मोटरवर किलोवॅट मीटर लावावा. फक्त अँपिअर पाहून भागत नाही, कारण कमी भारावरही इंडक्शन मोटर चुंबकत्वासाठी बराच प्रवाह घेत राहते. या दोन नोंदी समोर ठेवल्या की हंगामात कपलिंगच्या ड्रममध्ये किती वीज गेली ते कळते, आणि ती नव्या यंत्राच्या किमतीशी थेट ताडून पाहता येते.