विमा कंपनीला पहिले पत्र

बांधकामावर परातीवरून पडून ३० वर्षांचा गवंडी दगावला, तर ठेकेदाराने विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. पत्रात पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ, जागा, मृताचे काम आणि मजुरी लिहावी. सोबत हजेरीपट व पोलीस पंचनामा जोडावा.

मजुरी महिना १२,००० असेल, तर निम्मे ६,००० गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये भरपाई होते. ती वारसांच्या हाती परस्पर देऊ नये. सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी.

महिन्याभरात पैसे न भरल्यास १२ टक्के व्याज लागते. समर्थनीय कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. हा दंड मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून पत्राची पोच जपून ठेवावी.