सोलर दिवा बंद पडला? बॅटरी बदलण्याआधी हे मोजा

माझ्या चुलत भावाचं किन्हवलीजवळ मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. गाव शहापूर तालुक्यातलं, पण सरळगावकडे जाणारा रस्ता असल्यामुळे मुरबाडकडचं गिऱ्हाईकही येतं. मोबाइलसोबत तो आता सोलर दिवे दुरुस्त करतो आणि विकतो. मी सॉफ्टवेअरवाला, शनिवार-रविवारी गावी गेलो की दुकानात बसतो.

गेल्या जुलैमध्ये पाड्यावरच्या एक मावशी बंद पडलेला सोलर सेट घेऊन आल्या. १० वॅटचं पॅनल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, मध्ये चार्ज कंट्रोलर आणि ३ वॅटचे दोन एलईडी बल्ब. मी बॅटरी मोजली, ११ व्होल्टच्या खाली होती. "बॅटरी गेली, बदलून टाक," असं मीच भावाला सांगितलं. मावशींचे हजारेक रुपये गेले. नोव्हेंबरमध्ये त्या परत आल्या. "बाबा, दिवा अर्ध्या तासात मरतो. आता परत हजार रुपये आणू कुठून?"

चूक माझी होती. पण त्या दुसऱ्या फेरीत जे शिकलो, ते सोलरचं काम करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

नुसता व्होल्टेज फसवतो

या वेळी आम्ही सेट दुकानात न मागवता मल्टिमीटर घेऊन दुपारी १२ वाजता मावशींच्या घरी गेलो. पॅनलच्या दोन्ही वायर कंट्रोलरमधून सोडवल्या आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजलं. २० व्होल्टच्या वर रीडिंग आलं. १२ व्होल्टच्या सिस्टिमसाठी बनवलेलं पॅनल काही न जोडता उन्हात २० ते २२ व्होल्ट दाखवतं, म्हणजे पॅनल ठणठणीत असं वाटलं. बहुतेक जण इथेच थांबतात.

गंमत अशी की पॅनलवर धूळ असली किंवा थोडी सावली असली, तरी व्होल्टेज फारसा पडत नाही. पडतो तो करंट, आणि बॅटरी भरते ती करंटनेच. टाकी रिकामी होत आली तरी नळातून आधी जोरात पाणी येतं, तसंच काहीसं.

म्हणून मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, नॉब डीसी अँपिअरवर फिरवला आणि पॅनलच्या दोन वायरींना थेट मीटर लावला. १० वॅटच्या पॅनलने भर उन्हात साधारण ०.६ अँपिअर द्यायला हवेत. आम्हाला मिळाले ०.१६.

एक सावधगिरी इथेच सांगतो. हे मोजमाप फक्त एकट्या पॅनलवर करायचं. अँपिअरवर ठेवलेला मीटर चुकून बॅटरीला लावलात, तर तो शॉर्ट सर्किटच होतो. ठिणगी उडते, मीटरचा फ्यूज जातो, हातही भाजू शकतो. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला.

करंट गेला कुठे?

वर छपरावर चढून पाहिलं तर पॅनलच्या एका कोपऱ्यावर जांभळाच्या फांदीची सावली होती. कोपराच तर आहे, असं वाटेल. पण अशा पॅनलमध्ये साधारण ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. पाइपमध्ये एका ठिकाणी बोळा अडकला की पुढे पाणी जात नाही, तसा एक सेल सावलीत गेला तरी सगळ्या माळेचा करंट अडतो.

आणि ही सावली आधी का नव्हती? आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. नोव्हेंबरमध्ये तो दक्षिणेकडे बराच खाली झुकतो. झाड घराच्या दक्षिणेला होतं, त्यामुळे सावली लांबून पॅनलवर आली. जुलैमध्ये ढगांनी बॅटरी उपाशी ठेवली, नोव्हेंबरमध्ये झाडाने. पॅनल पुसलं, छपराच्या दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंश तिरकं बसवलं. करंट ०.५५ झाला.

बॅटरी खरंच मेली का?

लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि काही तास पडून असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. पण रिकामी आणि मेलेली यात फरक आहे, आणि जुलैमध्ये मी तोच विसरलो होतो.

या वेळी बॅटरी ११.६ वर होती. ती दुकानात नेऊन चार्जरवर पूर्ण भरली, काही तास तशीच ठेवली. मग चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब तिच्यावर जोडला आणि दहा मिनिटं व्होल्टेज बघत बसलो. मेलेली बॅटरी भरल्यावर छान आकडा दाखवते, पण बल्ब लागला की दोन-तीन मिनिटांत ११ च्या खाली कोसळते. ही १२ च्या वरच टिकली. म्हणजे जिवंत होती, नुसती उपाशी होती. अशीच आणखी काही महिने अर्धपोटी राहिली असती, तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसून ती कायमची गेली असती.

शेवटचा चोर: फोन

तरीही मला हिशेब करायचा होता. १० वॅटचं पॅनल, दिवसाचं साधारण ५ तास पूर्ण ऊन, म्हणजे ५० वॅट-अवर. वायर, कंट्रोलर, बॅटरी यांत जाणारं धरून हातात ३५ उरतात. दोन बल्ब चार तास चालले की २४ लागतात. इथपर्यंत ठीक.

पण मावशींचा मुलगा कंट्रोलरच्या यूएसबीवर रोज फोन चार्ज करायचा. ५००० एमएएचची फोनची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर, चार्जिंगमधला तोटा धरून २५. एकूण खर्च ४९, कमाई ३५. रोज १४ ची उधारी. बॅटरी नवी असली तर ही उधारी काही दिवस लपते, म्हणून वाटतं की बॅटरी बदलली आणि काम झालं.

आम्ही दोन पर्याय दिले: २० वॅटचं पॅनल घ्या, किंवा घरात लाइट असताना फोन त्यावरच चार्ज करा. मावशींनी दुसरा निवडला, हजार रुपये वाचले. पावसाळ्यात ढगांचे दिवस सलग आले तर मात्र एकच बल्ब लावायचा, हेही स्पष्ट सांगितलं.

विकताना आता काय बदललं

भाऊ आता सेट विकण्याआधी विचारतो: किती दिवे, किती तास, फोन लावणार का, आणि छपराच्या दक्षिणेला झाड आहे का? उत्तरावरून पॅनल ठरतं.

छोट्या कंदिलांबाबत एक नियम तो कटाक्षाने पाळतो. जुना सेल ३.२ व्होल्टचा असेल तर नवाही ३.२ चाच. तो लिथियम फॉस्फेटचा असतो आणि सुमारे ३.६५ व्होल्टला भरतो. बाजारात सहज मिळणारा ३.७ चा सेल ४.२ ला भरतो. ३.७ वाल्या सर्किटमध्ये ३.२ चा बसवलात तर तो जास्त चार्ज होऊन फुगतो. उलटं केलंत तर पूर्ण भरतच नाही.

आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सोलर दिव्यांचा मोठा प्रकल्प सुरू केला, तेव्हा दिवे जोडणं, विकणं आणि दुरुस्त करणं स्थानिक लोकांनाच शिकवलं होतं. त्यामागचं एक कारण मला त्या जांभळाखाली कळलं. दुकानातल्या टेबलावर सावली दिसत नाही. ती बघायला कोणीतरी घरी जावं लागतं, आणि तेही दुपारी बारा वाजता.