बाटलीतले सगळे लोह मोजले का?

बोअरवेलचे पाणी हंड्यात भरताना नितळ दिसते आणि दुसऱ्या दिवशी तळाला तांबूस गाळ बसलेला असतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसल्यामुळे लोह फेरस रूपात, म्हणजे विरघळलेले आणि बेरंग असते. हवा लागली की त्याचे फेरिक होते आणि ते गंजासारखे साकळते. पाण्यातले लोह ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिन वापरून मोजतात, पण हे रसायन नारिंगी-लाल रंग देते ते फक्त फेरस लोहाबरोबर. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बरेचसे लोह फेरिक झालेले असते. म्हणून ते आधी परत फेरस करावे लागते, आणि हीच पायरी सर्वांत जास्त फसवते.

विहिरीवरच बाटलीत थोडे आम्ल घालतात, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटून राहते. प्रयोगशाळेत बाटली नीट हलवून ५० मिलिलिटर पाणी घेतात, त्यात २ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मिलिलिटर हायड्रॉक्सिलअमाइनचे दहा टक्के द्रावण घालतात आणि पाणी १५-२० मिलिलिटर उरेपर्यंत उकळतात. आम्लाने गाळ विरघळतो आणि हायड्रॉक्सिलअमाइन फेरिकचे फेरस करते. उकळण्याची घाई करू नये. गाळाचे कण विरघळलेच नाहीत, तर त्यांतले लोह हिशेबात येत नाही.

थंड झालेले द्रावण १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यात १० मिलिलिटर अमोनियम अ‍ॅसिटेट बफर आणि ४ मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन घालतात. मग खुणेपर्यंत पाणी भरून निदान दहा मिनिटे थांबतात. बफर का लागतो? एका लोह-आयनाभोवती फिनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू बसतात तेव्हा हा रंग येतो. हे रेणू ज्या नायट्रोजन अणूंनी लोहाला धरतात, त्याच अणूंवर आम्लातले हायड्रोजन आयनही हक्क सांगतात. सामू फार खाली असला की रंग सावकाश आणि फिका येतो. उलट तो फार वर गेला, तर फिनॅन्थ्रोलिनने धरण्याआधीच लोह साकळू लागते. तीनच्या थोडे वर सामू असला की रंग झटपट येतो, आणि एकदा आला की बराच काळ टिकतो.  दहा मिनिटांनंतरही रंग गडद होतच राहिला, तर सामू कागदाने तपासावा.

रंगाची तीव्रता ५१० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात मोजतात. आकड्याचे लोहात रूपांतर करायला प्रमाण आलेख लागतो. १.४०४ ग्रॅम मोहर साल्ट आम्लयुक्त पाण्यात विरघळवून एक लिटर केले की लिटरला २०० मिलिग्रॅम लोह मिळते. ते वीसपट विरळ करून त्यातले ५, १०, २० आणि ३० मिलिलिटर वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घेतले की ०.५, १, २ आणि ३ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी प्रमाण द्रावणे होतात. एक सेंटिमीटरच्या नळीत त्यांचे शोषण साधारण ०.१०, ०.२०, ०.४० आणि ०.६० भरते. सोबत लोह न घातलेला एक फ्लास्कही हवाच. अमोनियम अ‍ॅसिटेटमध्येच थोडे लोह असते. म्हणून बफर नवा केला की आलेखही नवा काढायचा.

समजा, नमुन्याचे शोषण ०.२४ आले. आलेखावर ते १.२ मिलिग्रॅम होते. पण आपण ५० चे १०० मिलिलिटर केले होते, म्हणून मूळ पाण्यात लिटरला २.४ मिलिग्रॅम लोह आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ मिलिग्रॅमची मर्यादा घालते, तेव्हा हे पाणी नापास. आता हायड्रॉक्सिलअमाइन जुने होऊन निकामी झालेले असेल, तर त्याच बाटलीचे शोषण ०.०४ येऊ शकते, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. पाणी पास!

आणि आलेख याची चाहूलही लागू देत नाही. मोहर साल्टमधले लोह मुळातच फेरस असते, त्यामुळे त्याला फेरस करणाऱ्या रसायनाची गरजच पडत नाही. रेषा सरळ येते, सगळे बिंदू तिच्यावर बसतात आणि तरीही नमुन्यांचे आकडे चुकतात. माझ्या मते प्रत्येक खेपेला एक प्रमाण द्रावण फेरिक क्षाराचे, उदाहरणार्थ फेरिक अमोनियम सल्फेटचे, ठेवलेच पाहिजे आणि ते नमुन्यासारखेच उकळण्यापासून पुढे न्यायला हवे. फ्लास्कमध्ये १ मिलिग्रॅम प्रति लिटर असताना त्याने ०.२० च्या आसपास आकडा दिला, तर लोहाचे रूपांतर पुरते झाले. ०.०५ आला, तर हायड्रॉक्सिलअमाइन ताजे करून त्या खेपेतले सगळे नमुने पुन्हा उकळायला घ्यावेत.