तुयेतली आठ घरं

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं तुये हे गाव. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला शापोरा नदीकडे उतरत जाणारी शेतं आणि माड. मोर्जी-मांद्र्याचा पर्यटनाचा पैसा फार दूर नाही आणि मोपाचा विमानतळही दूर नाही. याच गावची एक विद्यार्थिनी मध्यंतरी तिच्या प्रकल्पाची माहिती घेऊन माझ्याकडे आली. आजूबाजूच्या वाड्यांत तिने घरोघरी जाऊन महिन्याचं उत्पन्न विचारलं होतं. टक्केवारी काढल्यावर मात्र तिला स्वतःलाच ती खरी वाटेना. "सर, इतकी श्रीमंत घरं आमच्या वाड्यावर नाहीत हो," असं ती म्हणाली. तिचा अंदाज बरोबर होता. घरं तिने नीट निवडली होती आणि प्रश्नही नीट विचारले होते. एकच गोष्ट राहून गेली होती. प्रत्येक घर तिने सारखंच मोजलं होतं.

तिच्या मार्गदर्शकांनी निवडीची पद्धत राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 68व्या फेरीवरून घेतली होती. 2011-12च्या त्या फेरीत ग्रामीण भागातल्या प्रत्येक निवडलेल्या गावात आधी सगळ्या कुटुंबांची यादी होत असे आणि मग यादीचे तीन गट पाडले जात. पहिला गट तुलनेने सधन कुटुंबांचा. उरलेल्यांपैकी ज्यांची मुख्य कमाई शेतीबाहेरची, त्यांचा दुसरा. बाकी सगळे तिसऱ्या गटात. पहिल्या गटातून 2, दुसऱ्यातून 4 आणि तिसऱ्यातून 2 अशी एकूण 8 कुटुंबं निवडायची. पुढे 2022-23च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात गट पाडायची खूण बदलली. ग्रामीण भागात ताब्यातली जमीन आणि शहरात चारचाकी, असे नवे निकष आले. नमुना मुद्दाम असमान ठेवण्याचं तत्त्व मात्र तेच राहिलं.

हा असमानपणा चूक नव्हे. तो ठरवून केलेला असतो, आणि त्यामागच्या विचारात एका मराठी माणसाचा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे 1930च्या दशकात लंडनमध्ये येर्झी नेमन यांच्या हाताखाली शिकत होते. गटागटाने नमुना कसा वाटावा, हा नेमन यांनी 1934 साली मांडलेला प्रश्न. ज्या गटात आपापसांतला फरक जास्त, त्या गटातून जास्त घरं घ्यावीत, असं त्याचं उत्तर आहे. सुखात्म्यांनी 1935 साली हा धागा पुढे नेला. भारतात परतल्यावर त्यांनी पिकांच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पद्धतीवर उभे केले. उत्पन्नाचंही पिकासारखंच आहे. मजुरी करणाऱ्या घरांच्या कमाईत एकमेकांपासून फारसं अंतर नसतं, सधन घरांच्या कमाईत मात्र ते प्रचंड असतं. शिवाय ही घरं थोडी असतात. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर 200 घरांच्या वाड्यातून निवडलेल्या 8 घरांत एकही सधन घर येणार नाही, असं सहज होऊ शकतं.

म्हणून ती घरं त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त घेतात. पण जास्त घेतली, तर मोजताना ती तेवढीच हलकी करावी लागतात. हे हलकं-जड करणं म्हणजेच भार. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या भाषेत गुणक.

हिशेब कागदावर मांडून पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या वाड्याचे नाहीत. समजा, एका वाड्यात 200 कुटुंबं आहेत. 10 सधन, 90 शेतीबाहेर कमावणारी आणि 100 इतर. सधनांतली 2 घरं निवडली, म्हणजे प्रत्येक निवडलेलं घर 5 घरांच्या वतीने बोलतं. दुसऱ्या गटातल्या 4 घरांपैकी प्रत्येक घर 22.5 घरांच्या वतीने आणि तिसऱ्या गटातलं प्रत्येक घर 50 घरांच्या वतीने. गटातली एकूण घरं भागिले निवडलेली घरं, एवढंच ते गणित आहे. बेरीज करून पाहा. 5 दोनदा, 22.5 चारदा आणि 50 दोनदा मिळून 200च येतात.

आता महिन्याचं उत्पन्न. तिसऱ्या गटातली दोन घरं 14,000 आणि 19,000 रुपये सांगतात. दुसऱ्यातली चार 22,000, 28,000, 36,000 आणि 58,000. सधन घरं 85,000 आणि 1,60,000. दरमहा 50,000च्या वर उत्पन्न असलेली घरं किती टक्के? नुसती मोजली तर आठांत तीन, म्हणजे 37.5 टक्के. भार लावून मोजली तर 58,000 सांगणारं घर 22.5 घरांचं आणि दोन सधन घरं मिळून 10 घरांची. म्हणजे 200पैकी 32.5, टक्केवारी 16.25. उत्तर निम्म्याहून खाली आलं. सरासरी उत्पन्नाचंही तसंच. नुसत्या बेरजेने ते 52,750 रुपये येतं, भारासकट 30,575. वाड्याच्या एकूण उत्पन्नात सधन घरांचा वाटा नुसत्या हिशेबाने 58 टक्के दिसतो, भार लावल्यावर 20 टक्के. मुलीला खटकलं होतं ते हेच. वाडा तिच्या डोळ्यांना माहीत होता, पण कागदावर मात्र दर चार घरांमागे एक घर सधन होतं.

मध्यक काढतानाही भार विसरू नये. घरं उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावायची आणि घरं मोजत जाण्याऐवजी त्यांचे भार मिळवत जायचे. इथे पहिल्या दोन घरांतच 100 भरतात, म्हणून मध्यक 19,000 आणि 22,000च्या मध्ये पडतो. नुसत्या हिशेबाने तो 28,000 आणि 36,000च्या मध्ये दिसला असता. वरचे दहा टक्के, खालचे वीस टक्के असल्या सगळ्या सीमारेषा अशाच शोधायच्या.

असमान नमुना दिसला की प्रत्येक वेळी एवढीच मोठी चूक होते, असं मात्र नाही. समजा, पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतून सारखीच घरं घेतली. 2011च्या जनगणनेत पेडण्याची लोकसंख्या 75,747 आणि डिचोलीची 97,955 होती, म्हणजे नमुन्यात पेडण्याला थोडं जास्त वजन मिळालं. आता पेडण्यात 20 टक्के आणि डिचोलीत 10 टक्के घरं आपल्या रेषेच्या वर आहेत असं धरा. साधी सरासरी 15 टक्के. लोकसंख्येच्या प्रमाणात वजन दिलं तर सुमारे 14.4. फरक आहे, पण लहान. निवडीचं प्रमाण गटागटात बरंच वेगळं असेल आणि त्या गटांचं उत्पन्नही बरंच वेगळं असेल, तेव्हा उत्तर कोसळतं. दोहोंपैकी एकच गोष्ट असेल तर चूक सौम्य राहते. सधन घरांच्या गटात या दोन्ही गोष्टी टोकाच्या असतात.

खऱ्या सर्वेक्षणात वाड्याच्या आधी गावाचीही निवड होते. म्हणून घराच्या भाराला गावाच्या भाराने गुणावं लागतं. सरकारी माहितीसंचात हा गुणाकार करून ठेवलेलाच असतो, फक्त तो वाचायची रीत माहीत हवी. अनेक फेऱ्यांच्या संचांत MLT नावाचा स्तंभ असतो आणि शेजारी NSS आणि NSC हे दोन. हे दोन आकडे सारखे असतील तर MLTला 100ने भागायचं, वेगळे असतील तर 200ने. सगळ्यांना सरसकट 100ने भागलं तर काही ओळींचा भार दुप्पट होतो आणि टक्केवारी गुपचूप बिघडते. मुळीच भागलं नाही, तर चूक निदान समोर येते. कुटुंबाच्या भाराला कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने गुणून बेरीज करा. गोव्याची लोकसंख्या 2011मध्ये 14,58,545 होती. तुमची बेरीज कोटींत गेली, तर भागाकार राहिला आहे. टक्केवारीला हात लावण्याआधी ही बेरीज करायचीच, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

माणसांच्या संख्येने गुणल्यावर प्रश्नही बदलतो, हे ध्यानात ठेवावं. 'किती टक्के कुटुंबं' याला कुटुंबाचा भार लागतो. 'किती टक्के माणसं' याला भार गुणिले माणसं. वसाहतीजवळच्या खोलीत एकटा राहणारा कामगार आणि सात माणसांचं घर पहिल्या प्रश्नात सारखे आहेत, दुसऱ्यात नाहीत.

संगणकावर हे काम आर या भाषेत असं होतं:

```r
library(survey)
hh$over50 <- as.numeric(hh$income > 50000)
d <- svydesign(ids = ~fsu, strata = ~stratum,
               weights = ~wt, data = hh, nest = TRUE)
svymean(~over50, d)
svymean(~over50, subset(d, taluka == "Pernem"))
```

fsu म्हणजे निवडलेलं गाव. ते सांगितलं नाही तरी टक्केवारी तीच येते, पण तिच्यातल्या चुकीचा अंदाज बहुधा खोटा, लहान येतो. एका वाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे आठ घरं आठ स्वतंत्र साक्षी देत नाहीत. शेवटच्या ओळीत पेडण्याच्या ओळी आधीच वेगळ्या न काढता subset वापरलं आहे, तेही याचसाठी. सर्वेक्षणाची पूर्ण रचना हिशेबात राहायला हवी.

भाराची किंमतही मोजावी लागते. लेस्ली किश यांचं एक ठोकळ सूत्र आहे. भारांच्या बेरजेचा वर्ग भागिले भारांच्या वर्गांची बेरीज. आपल्या वाड्याला ते लावलं तर 40,000 भागिले 7,075, म्हणजे सुमारे 5.7. आठ घरं विचारली आणि सरासरीसाठी बळ मिळालं पावणेसहा घरांचं. सूत्र अंदाजी आहे, पण सरकारी संचातल्या पेडण्याच्या मूठभर घरांवरून तालुक्याची टक्केवारी छापण्याआधी ते लावून पाहावं. भार चुकीचा कल दुरुस्त करतो, नमुना मोठा करत नाही.

आणि जे घर यादीतच नाही, त्याला भार देता येत नाही. वाड्याच्या मागे भाड्याच्या 40 खोल्या आहेत, तिथले कामगार दिवसभर पाळीवर असतात आणि यादी करणाऱ्याने त्या मोजल्याच नाहीत, असं समजा. मग खरी कुटुंबं 240. त्या खोल्यांत कुणीही 50,000च्या वर कमावत नसेल, तर 16.25ची खरी टक्केवारी 13.5 होते, आणि आपल्या माहितीत याचा कुठेही मागमूस नसतो. बंद घराचंही तेच. निवडलेल्या दोन सधन घरांपैकी एकाचं फाटक उघडलंच नाही, तर उरलेल्या घराचा भार 5ऐवजी 10 करतात. त्यात आपण गृहीत धरलेलं असतं, की बंद घर उघड्या घरासारखंच आहे. मोर्जीच्या किनाऱ्यावरच्या कुंपणबंद बंगल्याबद्दल हे गृहीत मला धरवत नाही. अशा वेळी किती घरं बंद होती आणि कुठल्या गटातली, ते अहवालात लिहावं.

उत्पन्न विचारणं मुळातच अवघड. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने 1964-65 आणि 1969-70 साली तो प्रयत्न केला होता. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्या खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं आणि ते काम पुढे गेलं नाही. 2026मध्ये देशभर घरगुती उत्पन्नाचं सर्वेक्षण घेण्याचं सरकारने 2025 साली जाहीर केलं. कमी सांगितलेलं उत्पन्न कुठलाच भार वर आणू शकत नाही. तो फक्त एवढंच पाहतो, की जे घर बोललं ते जेवढ्या घरांच्या वतीने बोललं, तेवढंच मोजलं जावं.

तुयेच्या त्या मुलीकडे घरांच्या मूळ याद्या वहीत होत्या, प्रत्येक वाड्याची वेगळी. म्हणून तिचे भार एका संध्याकाळी काढता आले. तुम्ही असं सर्वेक्षण करत असाल, तर गटात एकूण किती घरं होती आणि त्यातून किती निवडली, हे दोन आकडे प्रत्येक वाड्याच्या पानावर त्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर ते कुठूनही मिळत नाहीत.