विश्लेषण : कारविम्याचे स्वस्त कोटेशन खरेच स्वस्त असते का?

चिखलोलीतील एखाद्या सोसायटीत चार वर्षे जुनी, १,१९७ सीसीची पेट्रोल कार आहे. विम्याच्या नूतनीकरणासाठी मोबाइलवर दोन कोटेशन आली : एक १२,५२७ रुपयांचे, दुसरे ७,१४६ रुपयांचे. उदाहरणादाखल घेतलेल्या या आकड्यांत ५,३८१ रुपयांचा फरक कुठून येतो?

कोणता भाग सारखाच असतो?

थर्ड पार्टी हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरानुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारसाठी तो ३,४१६ रुपये आहे. म्हणजे फरक फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात, म्हणजेच ‘ओन डॅमेज’मध्ये पडतो. नो क्लेम बोनसही याच भागावर मिळतो. सलग चार वर्षे क्लेम नसेल तर तो ४५ टक्के असतो आणि कंपनी बदलली तरी मालकासोबत जातो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो बुडतो.

मग स्वस्ताई कशातून आली?

महाग कोटेशनमध्ये गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४ लाख आहे. स्वस्तमध्ये ३ लाख ४० हजार. गाडी चोरीला गेली, तर भरपाईत थेट ६० हजारांचा फरक पडेल. शिवाय महाग कोटेशनमध्ये झिरो डेप्रिसिएशन आणि इंजिन प्रोटेक्ट मिळून २,८०० रुपयांची ॲड-ऑन आहेत. स्वस्तमध्ये एकही नाही.

व्हॉलंटरी डिडक्टिबलचा हिशेब काय?

स्वस्त कोटेशनमध्ये ७,५०० रुपयांचा डिडक्टिबल आहे. तेवढी रक्कम प्रत्येक क्लेमला मालक भरणार, तीही सक्तीच्या १,००० रुपयांव्यतिरिक्त. त्याबदल्यात २,००० रुपयांची सूट दिसते. पण ती ४५ टक्के बोनस वजा होण्याआधीची आहे. बोनसनंतर ती १,१०० रुपये उरते आणि १८ टक्के जीएसटी धरून खरी बचत १,२९८ रुपये. म्हणजे पावणेसहा वर्षांच्या आत एक क्लेम झाला, तरी हा सौदा तोट्याचा.

इथे कोणते ॲड-ऑन महत्त्वाचे?

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा पाण्यात उभी गाडी सुरू केल्यास पाणी इंजिनात ओढले जाते. हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट लागते. झिरो डेप्रिसिएशन नसेल, तर प्लास्टिक आणि रबरी भागांची निम्मीच किंमत मिळते.

तुलना कशी करावी?

दोन्हीकडे आधी आयडीव्ही सारखी करावी, डिडक्टिबल शून्यावर आणावा, तीच ॲड-ऑन निवडावीत आणि बोनसची टक्केवारी जुन्या पॉलिसीवरून तपासावी. त्यानंतर उरणारा फरकच खरा.