दह्यातील आम्ल आणि आरशातला रेणू

रविवारच्या अभ्यासवर्गात बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आम्ही त्रिमितीय रसायनशास्त्राच्या स्लाइड दाखवितो. त्यांतील एका स्लाइडवर दरवर्षी निम्म्याहून अधिक वर्ग चुकतो. अभ्यास न करणारी मुले चुकली असती तर त्याचे नवल वाटले नसते. पण नियम तोंडपाठ असणारी मुलेच तेथे अडखळतात आणि परीक्षेत हातचे गुण घालवून बसतात. त्या स्लाइडवर दह्यातील लॅक्टिक आम्लाचा रेणू काढलेला आहे. तो रेणू R की S, एवढाच प्रश्न असतो. चूक कोठे होते हे नीट कळावे, म्हणून स्लाइडच्या क्रमानेच हा विषय येथे मांडीत आहोत.

पहिल्या स्लाइडवर चपलांचा एक जोड आहे. उजवी चप्पल आरशासमोर धरली तर आरशात डावी दिसते. दोन्हींचे माप एक, चामडे एक, टाके तेवढेच. तरीही उजवी चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही. एक चप्पल कशीही फिरविली तरी ती दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. जी वस्तू आपल्याच आरशातील प्रतिमेशी अशी जुळत नाही, तिला कायरल म्हणतात. पाण्याचा साधा पेला कायरल नाही, कारण त्याची प्रतिमा त्याच्याशी हुबेहूब जुळते.

रेणूंच्या बाबतीत असे का घडते, हे दुसऱ्या स्लाइडवर आहे. कार्बनचे चार बंध कागदावर अधिक चिन्हासारखे काढले जातात, पण प्रत्यक्षात ते सपाट नसतात. ते अवकाशात चार दिशांना, एकमेकांपासून सुमारे 109.5 अंशांवर पसरलेले असतात. ही कल्पना व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी 1874 साली स्वतंत्रपणे मांडली. अशा कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असतील तर त्याला कायरल केंद्र म्हणतात.

हे घरी करून पाहता येते. एक लहान बटाटा घ्यावा आणि त्यात चार दिशांना चार काड्या खोचाव्यात. काड्यांच्या टोकांना भिजविलेला मूग, वाटाणा, हरभरा आणि शेंगदाणा लावावा. मूग म्हणजे H, वाटाणा म्हणजे CH₃, हरभरा म्हणजे COOH आणि शेंगदाणा म्हणजे OH. झाला लॅक्टिक आम्लाचा रेणू. आता त्याची आरशातील प्रतिमा पाहून दुसरा बटाटा तसाच तयार करावा आणि दोन्ही जुळवून पाहावेत. कोणतेही दोन दाणे जुळविले तरी उरलेले दोन उलटसुलट राहतात. मग दोन्ही बटाट्यांवरील वाटाणा काढून त्या जागी आणखी एक मूग लावावा. आता दोन्ही लगेच जुळतात, कारण दोन गट सारखे झाले. साध्या अल्कोहोलमध्ये, म्हणजे CH₃CH₂OH मध्ये, हेच असते. तेथे एका कार्बनवर दोन H आणि दुसऱ्यावर तीन H आहेत, म्हणून त्यात एकही कायरल केंद्र नाही.

लॅक्टिक आम्लाचे दोन आरसारूप रेणू आहेत; पण दोघांना एकाच नावाने हाक मारून भागत नाही. त्यांना वेगळी ओळख देण्याची रीत कान, इनगोल्ड आणि प्रेलॉग या तीन रसायनशास्त्रज्ञांनी घालून दिली. ती तिसऱ्या स्लाइडवर आहे. प्रथम चार गटांना अग्रक्रम द्यावयाचा असतो. केंद्रातील कार्बनला थेट जोडलेल्या अणूचा अणुअंक जितका मोठा, तितका त्या गटाचा मान वरचा. लॅक्टिक आम्लात ऑक्सिजन (8), कार्बन (6), पुन्हा कार्बन (6) आणि हायड्रोजन (1) असे चार अणू थेट जोडलेले आहेत. म्हणून OH पहिला आणि H चौथा, हे लगेच ठरते.

COOH आणि CH₃ या दोहोंची सुरुवात कार्बननेच होत असल्याने तेथे बरोबरी होते. अशा वेळी एक पाऊल पुढे जाऊन त्या कार्बनला आणखी काय जोडलेले आहे ते पाहावे. CH₃ च्या कार्बनला H, H, H आहेत. COOH च्या कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक एकेरी बंधाने जोडलेला आहे. दुहेरी बंधाचा अणू दोनदा मोजावयाचा असतो, म्हणून ती यादी O, O, O अशी होते. पहिल्याच जोडीत O हा H पेक्षा मोठा ठरतो. म्हणून अंतिम क्रम OH, COOH, CH₃, H असा लागतो.

यानंतर चौथ्या क्रमांकाचा गट आपल्यापासून दूर जाईल असा रेणू धरावा. बटाट्यावरील मुगाचा दाणा पलीकडे करावा, म्हणजे उरलेले तीन दाणे आपल्याकडे येतील. मग शेंगदाणा, हरभरा, वाटाणा या क्रमाने बोट फिरवावे. बोट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरले तर R आणि उलट फिरले तर S. ही अक्षरे रेक्टस आणि सिनिस्टर या लॅटिन शब्दांवरून घेतलेली आहेत.

आता ज्या स्लाइडवर वर्ग चुकतो ती चौथी स्लाइड पाहू. एमिल फिशर यांच्या पद्धतीने तेथे रेणू अधिक चिन्हासारखा काढलेला आहे. वर COOH, खाली CH₃, डावीकडे OH आणि उजवीकडे H. विद्यार्थी क्रम बरोबर लावतात. बोट डावीकडील OH पासून वर COOH कडे आणि तेथून खाली CH₃ कडे नेतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरते आणि सगळे जण R लिहून मोकळे होतात.

हे उत्तर चूक आहे. फिशरच्या आकृतीत उभ्या रेषेवरील गट कागदाच्या मागे गेलेले असतात आणि आडव्या रेषेवरील गट आपल्याकडे आलेले असतात. येथे H आडव्या रेषेवर आहे, म्हणजे तो आपल्या अंगावर आलेला आहे. आपण रेणू चुकीच्या बाजूने पाहिला. म्हणून मिळालेली दिशा उलटवावी लागते आणि खरे उत्तर S येते. कोणी डावीकडे-उजवीकडे विसरला म्हणून ही चूक होत नाही. मूग कोणत्या बाजूला आहे हे न पाहताच बोट फिरविल्यामुळे ती होते.

उत्तराची खात्री करण्याचा एक उपाय आहे. कायरल केंद्रावरील कोणत्याही दोन गटांची अदलाबदल केली की R चा S होतो आणि S चा R. तेव्हा या आकृतीत H आणि CH₃ यांची जागा बदलावी. आता H खाली, म्हणजे मागे गेला आणि CH₃ उजवीकडे आला. OH, COOH, CH₃ असे बोट फिरविले तर ते घड्याळाच्या दिशेने जाते, म्हणून हा नवा रेणू R. आपण एकदा अदलाबदल केली होती, तेव्हा मूळचा रेणू S. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले. मात्र आकृती सोयीसाठी 90 अंशांत फिरवू नये. तसे केल्यास मागचे गट पुढे येतात आणि भलताच रेणू तयार होतो. 180 अंशांत फिरविल्यास काही बिघडत नाही.

पाचव्या स्लाइडवर सेरीन आणि सिस्टीन ही दोन अमायनो आम्ले शेजारी शेजारी आहेत. दोन्ही L कुळातील आहेत. हे कुळ ग्लिसराल्डिहाइड या संयुगाशी तुलना करून ठरविण्याच्या जुन्या रीतीतून आले आहे. दोघांत NH₂ डावीकडे, H उजवीकडे आणि COOH वर आहे. फरक खालच्या गटात आहे: सेरीनमध्ये तो CH₂OH असतो, तर सिस्टीनमध्ये ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला CH₂SH. आकार तोच, तरी सेरीन S ठरते आणि सिस्टीन R.

पहिला मान दोघांतही नायट्रोजनचाच. सेरीनच्या खालच्या गटाची यादी O, H, H आणि COOH ची O, O, O. पहिली जोडी बरोबरीत सुटते, दुसऱ्या जोडीत COOH जिंकतो. सिस्टीनच्या खालच्या गटाची यादी मात्र गंधक, H, H अशी आहे. गंधकाचा अणुअंक 16 आणि ऑक्सिजनचा 8. पहिल्याच जोडीत गंधक जिंकला आणि सामना तेथेच संपला. काही विद्यार्थी तीन ऑक्सिजनची बेरीज 24 करतात आणि COOH ला वरचा मान देतात. येथे बेरीज करावयाची नसते. यादीत जेथे पहिला फरक आढळेल तेथेच निकाल लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मानाची अशी अदलाबदल झाल्यामुळे बोटाची दिशा उलटली. रेणूचा आकार उलटला नाही, फक्त त्यावरची चिठ्ठी बदलली.

R आणि S यांवरून रेणू ध्रुवित प्रकाश कोणत्या बाजूला वळवील हेही सांगता येत नाही. ते उपकरणाने मोजावे लागते आणि अधिक-उणे चिन्हांनी दाखविले जाते. चौथ्या स्लाइडवरील S लॅक्टिक आम्लाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळविते. त्याच आम्लाचा सोडियम क्षार केला तर तो डावीकडे वळवितो. कायरल केंद्रावरचा एकही बंध न तुटता चिन्ह बदलते.

या दोन रूपांतील भेद शरीराला मात्र नेमका कळतो. आपल्या स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल S रूपाचे असते आणि त्याचा निकाल लावणारी विकरेही त्याच रूपाला बसणारी असतात. दही लावणाऱ्या जीवाणूंपैकी काही S रूप तयार करतात, तर काही R रूप. निरोगी माणूस R रूपही पचवितो, पण सावकाश. ज्यांच्या लहान आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला आहे, अशा काही रुग्णांच्या आतड्यातील जीवाणू R रूप फार तयार करतात. ते रक्तात साचून बोलणे अडखळणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. रक्तातील लॅक्टिक आम्ल मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीत S रूपच मोजले जात असल्याने त्या तपासणीत दोष दिसत नाही. R रूप मोजण्याची वेगळी तपासणी मागवावी लागते.

शेवटी एक प्रश्न. 2-ब्यूटॅनॉलची आकृती अशी काढा: वर CH₃, खाली C₂H₅, उजवीकडे OH, डावीकडे H. आधी अग्रक्रम लावा, मग मूग कोठे आहे ते पाहा आणि त्यानंतरच बोट फिरवा. उत्तर S येते. तुमचे R आले असेल तर अग्रक्रम बहुधा बरोबर असेल. मुगाचा दाणा तेवढा पुन्हा एकदा पाहावा.